मुलगा साडेचौदा वर्षांचा, वयात यायची चिन्हं नाहीत, टेस्टोस्टेरॉन 'लो' : थांबावं की तपासावं?

अंजनी_सांगली
नमस्कार. मुलगा नववीत आहे, साडेचौदा पूर्ण. उंची १४९ सेंमी, गेल्या वर्षी याच सुमारास १४४.५ होती. मिसरूड नाही, आवाज फुटलेला नाही, वर्गात पहिल्या बाकावर. अभ्यास, खेळ, खाणंपिणं सगळं ठीक. पण हल्ली शाळेच्या सहलीला जायला नको म्हणतो आणि का ते सांगत नाही. मला साधारण कळतंय.

सर्दी-खोकल्याला दाखवायला गेलो तेव्हा मीच विषय काढला. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. शाळा सुटल्यावर क्लासला जाता जाता रक्त दिलं. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन २४, शेजारी तीनशे ते हजार अशी रेंज आणि ठळक अक्षरात 'लो'. त्यावर टेस्टोस्टेरॉनचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर महिन्याला, असं सहा महिने घ्या म्हणाले. ह्यांचं म्हणणं, आमच्या घरात सगळे उशिरा वाढलेत, काही करू नकोस. मला इंजेक्शनचीही भीती वाटते आणि नुसतं बसून राहायचीही. कुणाला अनुभव आहे का?

तासगावकर
ताई, आमचा मामेभाऊ दहावीच्या फोटोत सर्वांत पुढे खाली बसलाय, मास्तरांच्या पायाशी. आता लग्नाकार्यात फोटोग्राफर त्याला सांगतो, तुम्ही मागं उभे राहा, तुमच्यामुळं माणसं दिसत नाहीत. बारावीनंतर सुटला एकदम.

वस्ताद_विटा
तालमीत अशी पोरं शेकड्यानं बघितली. अठरापर्यंत काय बी बघायची गरज नसते. दूध, तूप, भिजवलेले हरभरे, रात्री नवाला झोप. इंजेक्शनाच्या नादाला लागू नका, पोरगं फुगतं आणि मग बसतं.

प्रदीप_कराड
माझं पण टेस्टोस्टेरॉन २८० आलंय. दिवसभर थकवा, पोट सुटलंय. वय ४६. हे इंजेक्शन मला चालेल का?

तासगावकर
प्रदीपराव, इथं वयात येणाऱ्या पोराचा विषय चाललाय. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

कृष्णाकाठचा_डॉक्टर
मी बालरोगतज्ज्ञ, मिरजेत बरीच वर्षं काढली, आता ओपीडी बंद केली आहे. पेशंट न पाहता निदान करणार नाही, पण ताईंनी जे लिहिलंय त्यावर बोलता येईल.

सगळ्यात आधी त्या 'लो'बद्दल. छापलेली रेंज मोठ्या पुरुषांची आहे. वयात न आलेल्या किंवा नुकत्या येऊ लागलेल्या मुलाचा आकडा त्या रेंजमध्ये बसणारच नाही. बारा वर्षांच्या निरोगी मुलाचं रक्त त्याच लॅबमध्ये दिलं तरी 'लो'च छापून येईल. म्हणजे मुलगा अजून मोठा पुरुष झालेला नाही एवढंच तो शब्द सांगतो, आणि ते तर तुम्हाला दिसतंच आहे.

दुसरं, रक्त संध्याकाळी दिलं. वयात येण्याच्या सुरुवातीला मेंदूकडून येणारा इशारा आधी फक्त रात्री, झोपेत येतो. टेस्टोस्टेरॉन पहाटे चढतं आणि दुपारपर्यंत उतरतं. त्यामुळे या वयात सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्ताला अर्थ असतो. तुमचे २४ संध्याकाळचे आहेत. सकाळी तेच दुप्पट निघाले तर मला नवल वाटणार नाही.

आता मुख्य प्रश्न. त्याला तपासलं का कुणी? कपडे काढून, हाताने? मिसरूड आणि आवाज या फार पुढच्या गोष्टी आहेत. मुलगा वयात येतोय याची पहिली खूण म्हणजे अंडकोष मोठे होणं, आणि ती ना आईला दिसते ना मुलाला समजते. काखेतले किंवा खालचे केसही भरवशाचे नाहीत, ते मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीमुळे स्वतंत्रपणे येऊ शकतात.

अंजनी_सांगली
नाही हो डॉक्टर. जीभ, घसा, छाती पाहिली आणि चिठ्ठी लिहिली. अंडकोष मोजतात कसे?

कृष्णाकाठचा_डॉक्टर
आमच्याकडे एक माळ असते, बारा अंडाकृती मणी ओवलेली. सगळ्यात छोटा मणी १ मिलीचा, सगळ्यात मोठा २५ चा. एका हाताने अंडकोष चाचपायचा, दुसऱ्या हातात माळ घेऊन सारख्या आकाराचा मणी शोधायचा. दोन मिनिटांचं काम. ४ मिलीचा मणी जुळला की वयात येणं सुरू झालं असं धरतात. चौदा पूर्ण झाल्यावरही ४ च्या खाली असेल तर त्याला उशीर म्हणायचं आणि तपासाला लागायचं. वस्ताद म्हणतात ते अठरा नव्हे. माळ नसेल तर सोनोग्राफीतही माप मिळतं, पण अनुभवी हात पुरतो.

मुलाला आधी नीट सांगा की काय पाहणार आहेत आणि का. शक्यतो पुरुष डॉक्टर असू द्या. तपासताना आत थांबायचं की बाहेर, ते त्यालाच ठरवू द्या. बहुतेक मुलं आईला बाहेर पाठवतात आणि वडिलांना ठेवतात.

हळदपेठ
मी सहसा लिहीत नाही, पण 'थांबा, घरातले सगळे उशिरा वाढलेत' हे वाचून राहवलं नाही.

आमचा मुलगा सोळाचा झाला तरी काही नव्हतं. आम्हीही हेच ऐकत होतो, आजोबा उशिरा वाढले, काका उशिरा वाढला. उंची तशी बरी होती, वर्षाला चारेक सेंटीमीटर वाढत होता, म्हणून काळजी मागे पडत गेली. सतरा लागल्यावर हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दोन प्रश्न विचारले. लहानपणी अंडकोष वर राहिला होता का? हो, दोन वर्षांचा असताना ऑपरेशन झालं होतं. वास येतो का त्याला? मी म्हटलं, येत असणार की. मुलगा म्हणाला, कशाचा वास?

आमचं घर हळदीच्या गोदामांपासून जवळ. हंगामात पाहुणे दारातच शिंकतात. फोडणी करपली की घरभर कळतं, तो मात्र तिथेच बसून जेवत असायचा. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याला स्वतःलाच वास म्हणजे काय ते माहीत नव्हतं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून कॉफी आणि साबण नाकाशी धरला. दोन्ही त्याला सारखेच.

पुढे एमआरआय झाला, त्यात वासाच्या नसांचा भाग तयारच झालेला नव्हता. कालमन सिंड्रोम असं नाव सांगितलं. विहिरीवरची मोटर चांगली आहे पण वीजच येत नाही, असं आम्हाला समजावलं. हे आपोआप सुरू होणारं नव्हतं. अजून वर्षंच्या वर्षं थांबलो असतो तरी काही झालं नसतं.

अंजनी_सांगली
बाई गं. वाचून हात थंड पडले. आत्ताच विचारून आले, हिंग, अगरबत्ती, गॅस सगळ्याचा वास येतो त्याला. ऑपरेशन वगैरे काही झालेलं नाही.

कृष्णाकाठचा_डॉक्टर
हळदपेठ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अवघड भाग नेमका हाच आहे. एलएच आणि एफएसएच म्हणजे मेंदूकडून अंडकोषांना हुकूम देणारी हार्मोनं. नुसता उशीर असलेल्या मुलाचे एलएच आणि एफएसएच कमी येतात आणि कालमनच्या मुलाचेही कमीच येतात. कागदावर दोघं जुळे भाऊ वाटतात. म्हणून हे प्रश्न विचारावे लागतात: अंडकोष वर राहिला होता का, जन्मतः लिंग फार लहान होतं का, वास येतो का. पहिल्या दोनपैकी एक जरी 'होय' असलं किंवा वास येत नसला, तर वाट पाहायची नाही.

उलट एलएच-एफएसएच जास्त आले तर गोष्ट वेगळी. तेव्हा वरून हुकूम सुटलाय, पण अंडकोष ऐकत नाहीत. अशा वेळी गुणसूत्रांची तपासणी लागते. एका जादा एक्स गुणसूत्राचा प्रकार साधारण सहाशे मुलांत एकाला असतो आणि बऱ्याच जणांत तो ओळखलाच जात नाही, कारण ही मुलं उंच असतात आणि वयातही वेळेवर येऊ लागतात. फक्त अंडकोष छोटे आणि घट्ट राहतात, आणि प्रगती मध्येच थांबते.

अंजनीताई, अजून दोन गोष्टी विचारतो. तुमची पाळी कितव्या वर्षी सुरू झाली? आणि मुलगा तालमीत किंवा धावायला जातो का?

अंजनी_सांगली
माझी दहावीची परीक्षा झाल्यावर, म्हणजे सोळाव्या वर्षात. मला वाटायचं मुलाचं बघताना फक्त वडिलांकडचं बघतात. ह्यांची उंची अकरावी-बारावीत वाढली. ह्यांची उंची १६८, माझी १५५. तालमीत नाही जात, क्रिकेट खेळतो फक्त.

वस्ताद_विटा
डॉक्टरसाहेब, तालमीचं का विचारलं? आमच्याकडं वजनगटासाठी पोरं कुस्तीच्या आधी जेवण तोडतात, पाणी तोडतात, घोंगडं पांघरून पळतात. अशी दोन-तीन पोरं आठवतात. वर्षभर हेच करणारी, उंचीला अडकलेली. तालीम सोडून घरी गेली आणि वाढली. मला वाटायचं घरचं दूध लागलं.

कृष्णाकाठचा_डॉक्टर
वस्ताद, त्यासाठीच विचारलं. शरीराला पुरेसं मिळत नसलं की मेंदू वयात येणं पुढे ढकलतो. सतत वजन तोडणं, जुनाट आजार, थायरॉईड, पोटाच्या तक्रारी, सगळ्याचा परिणाम तोच. अशा मुलांत वजन उंचीच्याही मागे पडलेलं असतं. दूध-तुपाने हार्मोन वाढतं हे बरोबर नाही, पण उपाशी मुलाला जेवण मिळाल्यावर गाडी सुटते हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

अजिंक्यतारा
मी साताऱ्याचा, आता २६. माझी बाजू सांगतो, कारण इथे सगळे आईबाप आणि डॉक्टर बोलतायत.

मी होस्टेलला होतो. अंघोळीला पहाटे चारला उठायचो, इतर पोरं उठायच्या आत. आवाजावरून फोनवर 'बाळ, आईला दे' म्हणायचे. मला 'नॉर्मल आहे, थांब' असं सांगितलेलं होतं आणि ते खरंही होतं, पण त्याचा मला त्या वयात काडीचा उपयोग नव्हता. पंधराव्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी छोटा कोर्स दिला, महिन्याला एक इंजेक्शन, तीन वेळा. चार-पाच महिन्यांत फरक दिसला. नंतर माझं आपोआप सुरू झालं. उंची १७१ आहे. तेव्हा इंजेक्शन म्हणजे वाईटच असं कृपया लिहू नका. मुलाला विचारा.

कृष्णाकाठचा_डॉक्टर
तुमचं म्हणणं मान्य. मी इंजेक्शनाच्या विरोधात नाही, आकड्याच्या विरोधात आहे. तुम्हाला बहुधा ५० मिलिग्रॅम दिलं असणार. २५० ची ती फोडायची बाटली १ मिलीची असते, त्यातलं फक्त ०.२ मिली. ते तेलातलं औषध आहे, घट्ट असतं, सिरिंजमध्ये सावकाश चढतं, आणि उरलेलं टाकून द्यावं लागतं. अंजनीताईंना सांगितलेला डोस म्हणजे पूर्ण बाटली दर महिन्याला, सहा महिने. या वयात एवढा डोस दिला तर मुलगा झपाट्याने वाढतो, सगळे खूश होतात, आणि हाडांची टोकं वेळेआधी जुळून उंची तिथेच थांबू शकते. वस्ताद 'फुगतं आणि मग बसतं' म्हणतात ते असंच कुठेतरी पाहिलं असेल.

आणखी एक. रक्ताच्या तपासण्या इंजेक्शनाच्या आधी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू आपला इशारा बंद करतो, मग पुढचे काही आठवडे रिपोर्टमधून काही कळत नाही.

हळदपेठ
आमच्या मुलाला पण सुरुवातीला ५० चीच होती. मिसरूड आलं, आवाज बदलला, आम्हाला वाटलं बरा झाला. डॉक्टर म्हणाले खालचा मणी अजून २ वरच आहे.

कृष्णाकाठचा_डॉक्टर
तेच बघायचं असतं. इंजेक्शनाने केस, आवाज, उंची, लिंगाची वाढ सगळं होतं, पण अंडकोष वाढत नाहीत. ते फक्त मुलाच्या स्वतःच्या एलएच-एफएसएचने वाढतात. म्हणून तीन ते सहा महिन्यांचा कोर्स झाला की थांबायचं, काही महिने काही द्यायचं नाही आणि पुन्हा माळ लावायची. मणी पुढे सरकला तर नुसता उशीर होता. अजिंक्यतारा, तुमचं तसं झालं. कोर्स संपून सहाएक महिन्यांनीही मणी जागचा हलला नाही, तर पुढचा तपास करायलाच हवा. वरवर मुलगा पुरुष दिसायला लागला म्हणून तपास सोडून देणं ही मी पाहिलेली सगळ्यात मोठी चूक. अशी माणसं मग लग्नानंतर मूल होत नाही म्हणून येतात.

साताराकर_मावशी
माझ्या भाच्याला बारा पूर्ण झालेत, जाड आहे, आणि बहिणीला वाटतं त्याचं अगदीच छोटं आहे. तिला हा धागा पाठवू का?

कृष्णाकाठचा_डॉक्टर
मावशी, बारा म्हणजे उशीर नाहीच. आणि जाड मुलांत लिंग चरबीत दडलेलं असतं, चरबी बोटाने दाबून मोजलं तर बहुतेकदा अगदी बरोबर असतं. डॉक्टरांना एकदा दाखवा आणि निश्चिंत व्हा. जाहिरातीतल्या 'पुरुषशक्ती'च्या गोळ्या तेवढ्या देऊ नका.

अंजनी_सांगली
उशिरा लिहितेय, सगळं व्हायला वेळ गेला. मिरजेला हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवलं. ह्यांना आत ठेवलं, मला बाहेर. डॉक्टरांनी मुलाला ती माळ हातात दिली आणि म्हणाले, तूच सांग कुठला मणी. उजवीकडे ५, डावीकडे ४. म्हणजे सुरू झालंय! कुणालाच माहीत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही.

सकाळी आठचं टेस्टोस्टेरॉन ६१. एलएच, एफएसएच सुरुवातीच्या टप्प्यात असतात तसेच. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन ठीक. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढला, त्यात हाडांचं वय साडेबारा निघालं. म्हणजे शरीराच्या घड्याळाने तो दोन वर्षं मागे आहे आणि साडेबाराच्या मानाने १४९ फार कमी नाही, असं सांगितलं. आम्हा दोघांच्या उंचीवरून हिशेब केला तर १६८ च्या आसपास येतो, त्यात सात-आठ सेंटीमीटर इकडेतिकडे. हमी दिली नाही. उंचीची खरी उडी मणी १० च्या जवळ गेल्यावर येते, त्याला अजून दीडेक वर्ष जाईल असं म्हणाले. सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

इंजेक्शन आत्ता गरजेचं नाही, पण मुलाला फार त्रास होत असेल तर ५० चे तीन देता येतील, असंही म्हणाले. ह्यांना नको आहे. मुलगा विचार करतो म्हणालाय.

अजिंक्यतारा
ताई, मी असतो तर घेतलं असतं. दीड वर्ष म्हणजे अख्खी दहावी आणि अर्धी अकरावी. तुमचं ठरलं की नाही ते नंतर, पण 'कशाला हवंय' असं त्याच्यासमोर कुणी म्हणू नये एवढं बघा.

कृष्णाकाठचा_डॉक्टर
मी असतो तर सहा महिने नुसतं पाहिलं असतं. मणी ५ वर आहे, इंजिन सुरू आहे, आणि मुलाने स्वतः मोजलंय, त्याचाही आधार मोठा असतो. पण अजिंक्यतारा म्हणतात ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात दर तीन महिन्यांनी उंची मोजा, एकाच भिंतीवर, सकाळी, अनवाणी. वर्षाचा वेग ४ सेंमीच्या खाली गेला, किंवा डोकेदुखी, नजर कमी होणं, सारखी तहान आणि लघवी असं काही सुरू झालं, तर सहा महिने थांबू नका, लगेच दाखवा. तिथे मेंदूच्या तळाशी गाठ नाही ना ते आधी पाहावं लागतं.

प्रदीप_कराड
डॉक्टर, मी पण रक्त संध्याकाळीच दिलं होतं. आधी सकाळचं करून घेतो.

हळदपेठ
अंजनीताई, फार बरं वाटलं वाचून. डॉक्टरकाका, एक विचारायचं होतं. आमच्या मुलाचा डोस आता मोठ्या माणसाएवढा झालाय, तो वीसचा आहे. त्याने परवा विचारलं, मला मुलं होतील का? आमच्या डॉक्टरांनी 'तेव्हा बघू' म्हटलंय.

कृष्णाकाठचा_डॉक्टर
कालमनमध्ये बऱ्याच जणांना होतात. तेव्हा टेस्टोस्टेरॉन थांबवून वेगळी इंजेक्शनं देतात, एचसीजी आणि नंतर एफएसएच, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि शुक्राणू तयार व्हायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त लागू शकतं. अंडकोष लहानपणी वर राहिला होता आणि मणी अजून छोटा आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत वेळ जास्त लागेल, खात्री कुणी देऊ शकणार नाही. 'तेव्हा बघू' ऐवजी ही वाट कशी आहे ते त्याला आत्ताच डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पुढच्या भेटीला त्याला एकट्याला आत पाठवा, प्रश्न तोच विचारेल.